आईच्या फोनवर बीटा

आमच्या घरात टचचा फोन एकच, आणि तो आईचा. आई आशाताई आहे. गाव आणि गावाभोवतीच्या वस्त्या धरून जेवढ्या गरोदर बाया, बाळंतिणी आणि लेकरं आहेत, त्यांतली निम्मी तिच्या डोक्यात आणि निम्मी त्या फोनात असतात. पप्पा भाजीचा टेम्पो घेऊन आष्टीच्या बाजाराला जातात, त्यांच्याकडं बटणाचा फोन. म्हणून मी जेव्हा आईच्या फोनला पब्लिक बीटात घालायचं म्हटलं, तेव्हा पप्पा म्हणाले, "ती काय शाळा हाय का, घालायला?"

मी त्यांना नीट समजावलं. फोनची नवीन सिस्टीम सगळ्यांना देण्याआधी कंपनी ती थोड्या लोकांना वापरायला देते. कुणीही नाव नोंदवू शकतं, म्हणून पब्लिक. आपण वापरायचं, काही बिघडलं की कळवायचं, ते दुरुस्त करणार. नवीन नवीन गोष्टी आपल्याला सगळ्यांच्या आधी मिळणार.

"आन् बिघडलं तर?" आईनं विचारलं. ती भाकरी थापत होती.

"बिघडतं कधीकधी. बॅटरी लवकर उतरते, एखादं ॲप चालत नाही. आणि मधेच परत जुन्या सिस्टीमवर यायचं असलं तर सगळा फोन पुसला जातो. पण मी बॅकअप घेणारे ना."

"मग कावून घालायचं?"

"आई, अगं पूर्ण आष्टी तालुक्यात कुणाकडं नसेल!"

आई हसली. मी नववीत आहे आणि आठवीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही, हे तिला माहीत आहे. मी काहीतरी हट्टानं मागतेय याचंच तिला बरं वाटलं असणार. "घाल बाई. पर माझं काम अडू नको देऊस," ती म्हणाली.

नाव नोंदवताना एक पान आलं होतं. त्यात लिहिलं होतं की ही आवृत्ती आपल्या मुख्य फोनवर टाकू नका. मी ते वाचून मोठ्यानं हसले. मुख्य म्हणायला आधी दुसरा फोन असावा लागतो!

पहिल्या आठवड्यात बॅटरी दुपारीच संपायला लागली. आई अंगणवाडीत चार्जर लावून बसायची. बँकेचं ॲप उघडेना, तर आई म्हणाली, तसं पण मी बँकेत जाऊनच विचारते. पण मजा पण लई आली. मेसेजमध्ये मराठी जोडाक्षरं तुटून दिसत होती. 'प्रसूती' असं लिहिलेलं असायचं आणि दिसायचं भलतंच काहीतरी, पायमोडकं. मी फोटो काढून, कुठं काय केल्यावर होतं ते सगळं लिहून कंपनीला कळवलं. थोड्या दिवसांनी उत्तर आलं, की धन्यवाद, पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पुढच्या सुधारित आवृत्तीत, दुरुस्त केलंय. आणि खरंच केलेलं होतं!

हे मी शाळेत सांगितलं. गहिनीनाथ सरांनी मला परिपाठात सगळ्यांपुढं उभं केलं. मी बोलले. 'आता जगात जिथं जिथं हा फोन मराठीत वापरतील, तिथं प्रसूती नीट दिसेल' असं म्हटल्यावर आधी पोरं फिदीफिदी हसली, मग टाळ्या वाजल्या. तेव्हापासून वर्गातला सत्यम मला 'बीटाताई' म्हणतो. चिडवायला म्हणतो, पण स्वतःच्या मामाचा फोन अडकला की माझ्याकडंच घेऊन येतो.

त्या दुरुस्तीबरोबर त्या बिल्डमध्ये आणखी एक गोष्ट आली. कॉलची गाळणी.

आईला दिवसभर लोनवाल्यांचे, विम्यावाल्यांचे कॉल यायचे. एखाद्या बाईचं बीपी मोजत असली की हमखास. गाळणीचं काम असं होतं: अनोळखी, म्हणजे सेव्ह नसलेला नंबर आला की फोन पहिले काही सेकंद वाजतच नाही. समोरचा टिकून राहिला तर वाजतो. त्याआधीच त्यानं कट केला तर तो कॉल 'गाळलेले' म्हणून वेगळ्या जागी जाऊन पडतो. रोज संध्याकाळी आज कुणाचे कॉल गाळले याची सूचना येणार. बिल्डच्या खाली माहीत असलेल्या त्रुटी दिल्या होत्या, त्यात लिहिलं होतं की सूचना काही फोनवर येत नाही. मी ते इंग्रजीतून नीट वाचलं, डिक्शनरी काढून वाचलं. आणि मनात म्हटलं, न येऊ दे. एका रिंगेत कट करणारे फसवे लोकच असतात, त्यांची कसली सूचना.

आईला विचारलं. "लाव, लाव," ती म्हणाली. "त्या विम्यावाल्या पोरीनं तर मला मावशी करून टाकलंय."

खरंच फोन शांत झाला. आई खूश, मी खूश. मी कंपनीला लिहूनही टाकलं की ही सोय फारच उपयोगी आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी ओट्यावर बसून फोन चाळत होते. पप्पा बाजारातून येऊन टेम्पोतले रिकामे क्रेट उतरवत होते. आई मेथी निवडत होती. सेटिंगमध्ये खोल आत मला ती गाळलेल्यांची जागा सापडली आणि मी ओरडलेच, "आई, बघ! किती फसव्यांपासून वाचवलं तुला मी!"

आईनं हात पुसून फोन घेतला. आधी हसतच बघत होती. मग तिचा अंगठा थांबला.

"हा तर पांढरीच्या वस्तीवरचा हाय," ती म्हणाली. "वच्छलाबाईचा."

"कसा असेल? नाव तर नाहीये."

"नाव कशाला लागतंय? शेवटी सत्तावीस. दिवाळीला बदललं त्यांनी सिम." तिनं खाली सरकवलं. "परत त्यांचाच. काल पण. परवा पण. आरोही, हे कधीपासून हाय?"

इथं मला थांबून एक सांगायला पाहिजे. आई नंबर सेव्ह करत नाही. ऊसतोडीला जाणारी माणसं दर हंगामाला सिम बदलतात, कुणाकुणाची नावं पुसत बसणार, म्हणून ती शेवटचे आकडे पाठ करते. आणि तिच्या बाया तिच्याशी फोनवर बोलत नाहीत. फोन सासूचा असतो, नाहीतर दिराचा, आणि घरात सगळे बसलेले असतात. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, हे कुणापुढं बोलणार? म्हणून आईनंच त्यांना लावून दिलेलं होतं: एक रिंग द्या आणि कट करा. मी फेरीला निघाल्यासारखी येऊन जाते. कुणाला काही कळत नाही.

हे मला माहीत होतं. लहानपणापासून बघत आलेय. पण गाळणी लावताना मला लोनवाले दिसत होते, वस्तीवरच्या बाया दिसल्याच नाहीत. आईलाही दिसल्या नाहीत.

पांढरीच्या वस्तीवर वच्छलाबाईंची सून प्रियदर्शनी होती. आठवा महिना. तिचा नवरा अभिमन्यू कारखान्यावर तोडीला गेलेला, पण तिचं बीपी वाढायला लागलं म्हणून आईनं भांडून तिला घरी ठेवायला लावलेलं. मागच्या फेरीत आईनं तिला दवाखान्यात न्यायचा विषय काढला, तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, आमच्या चार बाळंतपणांला कुठं मशीन लागलं. आई जरा आवाज चढवून आली होती.

आईनं लगेच त्या नंबरला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिनं मेथी तशीच टाकली, बीपीच्या मशीनची पिशवी उचलली. "अवो, टेम्पो काढा."

मी पण चढले. क्रेटच्या मधे बसले. फोन माझ्या हातात होता. मी आधी गाळणी बंद केली. मग खात्री करायला फोन बंद करून चालू केला, तर ती परत आपोआप चालू झालेली! परत बंद केली. बंद राहिली, पण आता माझा तिच्यावर भरवसाच नव्हता.

वस्तीवर वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या. आईला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"आलीस का, मंजुळा? आम्हाला वाटलं ताई रुसली," त्या म्हणाल्या. "तीन दिस रिंग देतीया मी. दवाखान्याला न्हाई म्हनलं म्हनून एवढा राग?"

"राग न्हाई काकू. रिंग आलीच न्हाई मला."

"आली न्हाई म्हंजी? वाजत हुती की! मी कानाला लावून ऐकली."

बरोबरच होतं. त्यांच्या कानात वाजत होती. आमच्या घरात वाजली नव्हती.

"मग सरळ बोलायचं तरी," पप्पा म्हणाले.

"का बोलावं? एकदा रिंग दिली की येती म्हनून तीच सांगून गेली. न येनाराला कोन हाका मारतंय?"

आई तोवर आत गेली होती. प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही, डोळे सुजून बारीक झाले होते. पायावर आईनं बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखतंय का गं?"

"कालपून लई. आन् समोरचं असं ढगाळ दिसतंय, वैनी."

मशीनचा पट्टा फुगला, उतरला. आईनं आकडा मोठ्यानं वाचला नाही. परत एकदा मोजला. मग माझ्याकडं हात केला. "फोन."

तिनं एकशे आठला लावला. मग आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला. मला पहिल्यांदाच तिचा आवाज असा चिरका ऐकू आला. "झटके येतील तिला, लवकर धाडा," असं ती म्हणाली आणि वच्छलाबाई मटकन खाली बसल्या.

गाडी यायला वेळ लागला. त्या वेळात प्रियदर्शनी मला म्हणाली, "तू शाळेत भाषण केलंस म्हनं." मी मान हलवली. तिला उजेडाचा त्रास होत होता, म्हणून मी दारात गोधडी धरून उभी राहिले. माझे हात भरून आले तरी खाली केले नाहीत.

गाडीत आई तिच्याबरोबर गेली, फोन माझ्याकडंच ठेवून. आष्टीत इंजेक्शन देऊन तिला नगरला पाठवलं. रस्त्यात एक झटका आला. हे सगळं मला आईनं दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून पप्पांच्या फोनवर सांगितलं. ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी, आणि काचेच्या पेटीत ठेवली होती. प्रियदर्शनी शुद्धीवर आली होती, पण नजर अजून साफ नव्हती. डॉक्टरांनी आईला विचारलं, एवढा उशीर का केला? आई म्हणाली, माझ्या फोनमुळं.

"तू असं का म्हणालीस?" मी रडत विचारलं. "मी लावलं होतं ते."

"फोन माझा हाय ना? लाव मी म्हनले ना? मग." मग ती म्हणाली, "तू रडू नको. त्या फोनला आता काय करायचं ते शोधून ठेव."

मी शोधलं. रस्ते दोनच होते. एक, महिन्या-दोन महिन्यांनी सिस्टीमची पक्की आवृत्ती येईल तोवर थांबायचं. मग बीटातून बाहेर पडलं तर काही पुसलं जात नाही. दुसरा, आत्ताच जुन्या आवृत्तीवर जायचं, आणि फोन पार कोरा करायचा. त्यात आणखी एक मेख होती, ती मी आईला सांगायची विसरले होते. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर बसेलच असं नाही.

आई दोन दिवसांनी, अभिमन्यू कारखान्यावरून नगरला पोचल्यावर परत आली. त्याच दुपारी कंपनीचं उत्तर आलं. मी रविवारीच सगळं लिहिलं होतं: सूचना येत नाही, गाळणी बंद केली तरी फोन चालू-बंद केल्यावर परत लागते, आणि आमच्याकडं एक रिंग म्हणजे फसवणूक नसते, बोलावणं असतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं होतं की हा दोष तुमच्या फोनवर पुन्हा घडवून दाखवाल का, आणि त्या वेळची लॉग फाईल पाठवाल का? त्याशिवाय कारण शोधता येणार नाही.

मला एकदम उभारी आली. "आई, आपण पाठवू! सत्यमच्या मामाच्या फोनवरून एक रिंग देऊ, लॉग घेऊ, पाठवू, मग पुसू. म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही."

"लाग म्हंजी काय?"

"फोन आत काय काय करत होता त्याची फाईल. कुठलं ॲप कधी उघडलं, कुठले कॉल आले..."

"कुठले कॉल म्हंजी नंबर पण?"

मी पाठवण्याआधीचं पान वाचलं. त्यात तुमची वैयक्तिक माहिती असू शकते, असं स्पष्ट लिहिलं होतं. फोन नंबर, ठिकाण, ॲपांची नावं. जोडाक्षरांच्या वेळी मी हेच पान न वाचता 'मान्य' दाबलं होतं.

"असतील," मी म्हणाले.

"मग न्हाई."

"आई, त्यांना काय कळणारे, शेवटी सत्तावीस म्हणजे कोण ते?"

"मला कळतंय ना. त्या बाया नवऱ्याला सांगत न्हाईत ते मला सांगत्यात. रिंग कावून देत्यात, बोलत कावून न्हाईत? कुणाला कळू नये म्हनून. आन् तू ते कंपनीला धाडनार?"

"पण मग ते दुरुस्तच नाही होणार! पक्की आवृत्ती अशीच सगळ्यांना जाईल. दुसऱ्या गावात दुसरी प्रियदर्शनी असेल."

आईनं फोन हातात घेतला. मला वाटलं, पटलं. तिनं पदरानं फोनची काच पुसली.

"खरंय तुझं," ती म्हणाली. "पर माझ्याच्यानं न्हाई होत. तू त्यांना लिहून काय सांगायचं ते सांग. मराठीत सांग, इंग्रजीत सांग, फोटो काढून सांग. बायांचे नंबर न्हाई."

मला तिचा रागही आला आणि तिच्याशी भांडताही येईना. मी बसून परत सगळं लिहिलं. गाळणी मुद्दाम परत लावली, पप्पांच्या नंबराचं नाव आईच्या फोनमधून काढून टाकलं, त्यांच्या बटणाच्या फोनवरून एक रिंग दिली, आणि आईचा फोन कसा मुका राहतो त्याचा सत्यमच्या मामाच्या फोनवर व्हिडिओ काढला. एकच नंबर दिसत होता, तो पप्पांचा. पप्पा म्हणाले, "माझा दे बिनधास्त, तसंबी कोन विचारतंय." लॉग जोडला नाही. का जोडला नाही तेही लिहिलं. मला माहीत होतं, याच्यावर ते बहुतेक 'माहिती अपुरी' म्हणून विषय बंद करतील.

मग फोटो मेमरी कार्डावर घेतले. आईनं दवाखान्यात नेलेल्या बायांच्या लेकरांचे फोटो, वजनकाट्यावरचे, टोपड्यातले. स्वतःचा फोन असलेल्या थोड्या बायांबरोबरच्या चॅट मात्र निघेनात, जुन्या आवृत्तीवर त्या परत बसण्याची खात्री नव्हती. आई म्हणाली, जाऊ दे. तिनं सिम काढून पप्पांच्या बटणाच्या फोनात घातलं, कारण नगरहून कधीही फोन येईल असं होतं. काल बाळाला श्वासाचा त्रास झाला होता आणि त्यानंतर काही कळलं नव्हतं.

मी शेवटचं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. मग कंपनीचं नाव आलं, आणि त्याखाली एक रेघ हळूहळू भरायला लागली.

तेवढ्यात बटणाचा फोन वाजला. वाजतच राहिला. आईनं आकडे बघितले. "अभिमन्यू," ती म्हणाली, आणि पटकन उचलायच्या ऐवजी एक क्षण माझ्याकडं बघितलं.

"बोल रे. ... हां. ... कवा? ... आन् दूध?"

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. काही समजत नव्हतं. पप्पा दारात येऊन उभे राहिले.

"बरं. ... न्हाई न्हाई, ते डाक्टर सांगतील तसंच. ... प्रियदर्शनीला दे." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मधेच तिनं डोळे मिटले. "दिसंल गं. दिसंल. सूज उतरली की दिसंल. ... मी येते उद्या. आता तू सरळ बोलत जा मला. कोन बसलंय समोर ते बघू नको."

तिनं फोन ठेवला.

"नळी काढली," ती म्हणाली. "चमच्यानं दूध देत्यात. पेटीत अजून ठिवनार हायेत."

"आणि प्रियदर्शनी वैनी?"

"डाव्या डोळ्यानं अजून धूसर दिसतंय म्हनती. पोरीचं तोंड नीट दिसंना म्हनती."

पप्पा खाली बसले. ओट्यावर फोन कोरा होऊन पडला होता आणि कुठली भाषा पाहिजे म्हणून विचारत होता. मी तो उचलला नाही. आईनं उंबऱ्यावरची चप्पल पायात घातली.

"चल," ती म्हणाली. "उजेड हाय तोवर सगळ्या वस्त्यांवर जाऊन यायचंय. ज्याच्या त्याच्या घरी सांगायचं, इतक्या दिवसात रिंग दिली असंल तर ती आम्हाला पोचली न्हाई. कशी न्हाई पोचली ते तू सांग. तुला बोलता येतंय आता."

पहिलं घर वच्छलाबाईंचं होतं.

त्या गोठ्यात शेण काढत होत्या. मी सगळं सांगितलं, गाळणी, काही सेकंद, सेव्ह नसलेले नंबर. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी शेणाचा हात तसाच धरून त्या आईकडं वळल्या, माझ्याकडं नाही.

"मंजुळा, पुढल्या टायमाला मी रिंग देनार न्हाई," त्या म्हणाल्या. "सोताच येईन. चालत येईन."

"या," आई म्हणाली.

आम्ही पुढच्या वस्तीकडं निघालो.